धागा: 'डिलिव्हरी अटेम्प्टेड' म्हणजे नक्की कोणी, कुठे, काय अटेम्प्ट केलं?

अनघा_के | शनिवार, रात्री ९:२०

आईसाठी मिक्सरचं भांडं ऑनलाइन मागवलं आहे. मी पुण्यात, आईबाबा गावी, कुडाळपासून बारा किलोमीटर आत. पत्ता गावचा दिला, फोन नंबर माझा दिला, कारण बाबा अनोळखी फोन उचलत नाहीत. पैसे आधीच भरलेत. आजपर्यंतचं ट्रॅकिंग असं:

```
Mon 18:40  Bhiwandi  Picked Up
Tue 02:15  Bhiwandi  In Transit
Wed 05:50  Kolhapur  In Transit
Thu 23:10  Kudal     Reached Destination
Fri 09:05  Kudal     Out For Delivery
Fri 20:52  Kudal     Delivery Attempted - Consignee Unavailable
Sat 09:08  Kudal     Out For Delivery
Sat 20:47  Kudal     Delivery Attempted - Customer Requested Reschedule
```

आईबाबा दोन्ही दिवस घरीच होते. रात्री पावणेनऊला आमच्या वाडीत कुरिअरवाला आला असता तर ती गावात बातमी झाली असती. बाबांचं म्हणणं, "खंयचो अटेम्प्ट? हंय कुत्रोसुदा भुकलो नाय." आणि आज तर मीच म्हणे पुढची तारीख मागितली! मी कोणाशी बोललेच नाही.

तर जाणकारांना विचारायचंय. या एकेका ओळीचा खरा अर्थ काय? आणि बुधवार पहाटेपासून गुरुवार रात्रीपर्यंत भांडं कुठे होतं? मला तर एक ओळ खरी वाटेना.

---

टवाळ_तात्या | रात्री ९:२८

'आउट फॉर डिलिव्हरी' म्हणजे मुलाकडचे मुलगी बघायला निघालेत. 'डिलिव्हरी अटेम्प्टेड' म्हणजे कोपऱ्यावर चहा पिऊन परत गेले आणि पत्रिका जुळत नाही असं कळवलं.

---

मिलिंद७२ | रात्री ९:४१

अनघाताई, राग समजतो, पण 'अटेम्प्टेड' असं उगाच टाकता येत नाही. डिलिव्हरी बॉयच्या अ‍ॅपमध्ये जीपीएस असतं. तो पत्त्याच्या जवळ नसेल तर बटणच चालत नाही. माझा भाचा हेच काम करतो. म्हणजे माणूस आला असणार, वाडीच्या तोंडाशी थांबून हाक मारली असेल, आईबाबांना ऐकू गेली नसेल. वयस्कर माणसांच्या बाबतीत होतं असं.

---

अनघा_के | रात्री ९:४६

@मिलिंद, बाबांना शेजारच्या वाडीतला रेडिओसुद्धा ऐकू येतो. :)

---

सुमेधा जोग | रात्री १०:०२

माझाही असाच अनुभव. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येणार होता. ट्रॅकिंगवर 'डोअर लॉक्ड'. मी घरात, दार सताड उघडं. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले तर पोस्टमन म्हणाला, "मॅडम, तुमच्या बिल्डिंगचं खालचं गेट बंद होतं." म्हणजे दार लॉक्डच होतं, पण ते माझं नव्हतं! पासपोर्ट ओळखपत्र बघूनच हातात देतात, शेजाऱ्याकडे ठेवत नाहीत. तो पोस्टातच ठेवलेला होता आणि मला तिथल्या तिथे मिळाला. तुम्हीही कुडाळच्या पोस्टात चौकशी करा ना.

---

अनघा_के | रात्री १०:०५

सुमेधाताई, हे पोस्टाने नाही, खाजगी कुरिअरने आलंय. पोस्टाने आलं असतं तर आमच्या गावच्या पोस्टमननं येताना चार शहाळीपण आणली असती.

---

हबवाला | रात्री ११:१५

नेहमी नुसता वाचत असतो, पण या विषयावर गप्प बसवत नाही. मी चार वर्षं पुण्यात एका कुरिअर कंपनीच्या डिलिव्हरी हबवर सुपरवायझर होतो. आता तो धंदा सोडला.

आधी 'आउट फॉर डिलिव्हरी'. पहाटे पाच-साडेपाचला मोठ्या हबवरून गाडी येते. पोती फोडतात, एकेक पार्सल स्कॅन करून आत घेतात, मग एरियाप्रमाणे ढीग लावतात. प्रत्येक पोराच्या नावावर दिवसाची यादी बनते, तिला आम्ही रनशीट म्हणायचो. शहरात एका रनशीटवर पन्नास-साठ पार्सलं सहज असतात. ती शीट सिस्टीममध्ये बनली की तिच्यावरच्या सगळ्या पार्सलांना एकाच मिनिटाला 'आउट फॉर डिलिव्हरी' लागतं. पार्सल तेव्हा पिशवीत भरलेलं असेलच असं नाही. पुष्कळदा पोरगा चहा पीत असतो आणि पार्सल जाळीच्या कपाटात पडलेलं असतं. म्हणून ९:०५ ला तुमचं भांडं कुडाळमधून निघालं असं वाचू नका. ९:०५ ला ते कोणाच्या तरी यादीवर चढलं, एवढंच.

आता संध्याकाळ. पोरगा परत येतो तेव्हा रनशीट बंद करावी लागते, आणि ती बंद करायची तर यादीतल्या प्रत्येक पार्सलापुढे काहीतरी लावावंच लागतं. डिलिव्हर्ड लावा, नाहीतर कारण निवडा. कारणांची यादी ठरलेली असते: ग्राहक घरी नाही, पत्ता अपुरा, ग्राहकाने नाकारलं, ग्राहकाने पुढची तारीख मागितली, पैसे तयार नव्हते, गेटवर सोडलं नाही. बघा, यातलं प्रत्येक कारण ग्राहकाकडचं आहे. 'वेळ पुरला नाही' किंवा 'तिकडे आज गाडीच गेली नाही' यासाठी आमच्याकडे एकच पर्याय होता, 'नॉट अटेम्प्टेड'. तो दाबला की हबच्या नावावर लागायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉलवर मला वरून विचारणा व्हायची. ग्राहकाचं कारण दाबलं की कोणी विचारत नसे. आता पोरगा काय दाबेल?

तुमचे दोन अटेम्प्ट बघा, ८:५२ आणि ८:४७. दोन वेगळे दिवस, वेळ जवळजवळ एकच. माणूस खरोखर दारात येतो तेव्हा एक दिवस ११:२०, दुसऱ्या दिवशी ४:१० असं काहीतरी दिसतं. ही तुमच्या दारात यायची वेळ नाही, रनशीट बंद करायची वेळ आहे.

---

मिलिंद७२ | रात्री ११:३२

आणि जीपीएस? भाचा खोटं बोलतो का?

---

हबवाला | रात्री ११:५०

भाचा खोटं बोलत नाही. पुण्यात, मुंबईत पुष्कळ कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये ती अट आहे. काहींत पत्त्याजवळ असणं लागतं, काहींत ग्राहकाला फोन केल्याची नोंद लागते, काहींत दोन्ही. पण मिलिंदजी, अ‍ॅपला पत्त्याची जागा कशी कळते? शहरात सोसायटीचं नाव असतं, नकाशावर ठिपका सापडतो. 'मधली वाडी, मारुतीच्या देवळामागे' हा ठिपका कोणत्याच नकाशावर नसतो. मग सिस्टीम पिनकोडचा किंवा गावाच्या नावाचा मध्य धरते, आणि तो बाजारपेठेतसुद्धा पडू शकतो. म्हणजे पोरगा दुकानात बसून बटण दाबतो आणि सिस्टीमच्या मते तो दारातच उभा असतो. किंवा खेड्यांच्या पिनकोडला ती अटच सैल करून ठेवलेली असते. आमच्या कंपनीत तसंच होतं.

अनघाताई, एक काम करा. शुक्रवारची आणि आजची कॉल हिस्ट्री बघा. ब्लॉक झालेले आणि स्पॅममध्ये गेलेले फोनसुद्धा.

---

टवाळ_तात्या | रात्री ११:५४

आता कळलं. आमच्या सोसायटीचा ठिपका बहुतेक वाइन शॉपवर पडतो. तिथे मात्र मी कायम उपलब्ध असतो, तरी पार्सल मिळत नाही.

---

अनघा_के | रविवार, सकाळी ८:१०

हबवाला, काय सांगू! शुक्रवारी दुपारी १२:१४ ला एक फोन, अ‍ॅपने आपोआप स्पॅममध्ये टाकलेला. शनिवारी १२:४० ला तसाच दुसरा. दोन्ही लँडलाइनसारखे दिसणारे नंबर, महाराष्ट्रातले वाटत नाहीत. परत लावला तर रेकॉर्डिंग लागतं आणि फोन तुटतो.

---

हबवाला | सकाळी ८:३५

तेच ते. कंपनी मधल्या नंबरवरून जोडून देते, म्हणजे पोराला तुमचा नंबर दिसत नाही आणि तुम्हाला त्याचा. चांगल्या हेतूने केलेली सोय आहे, पण तो नंबर दिवसभर शेकडो लोकांना जातो, म्हणून स्पॅम पकडणाऱ्या अ‍ॅपना तो कर्ज विकणाऱ्यासारखाच वाटतो.

दुपारी सव्वाबाराला त्याने दुकानातून फोन लावला. "पार्सल आलंय, घेऊन जाता का, की कोणी कुडाळला येणार आहे?" असंच विचारायचं असणार. तुम्ही उचलला नाही. अ‍ॅपमध्ये फोन केल्याची नोंद झाली, अट पुरी झाली, आणि संध्याकाळी त्याने 'अनअव्हेलेबल' दाबलं. त्याच्या हिशेबाने ते खोटं नाही. अटेम्प्ट झाला, पण पुण्यातल्या फोनवर झाला. कुडाळच्या वाडीत कोणी फिरकलंच नाही.

---

मिलिंद७२ | सकाळी ८:५१

म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबरच निघालं. उगाच टाकता येत नाही!

---

हबवाला | सकाळी ८:५५

अर्धं बरोबर. तुम्ही म्हणालात माणूस आला. आला फोन.

---

जुना_आरेमेस | सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. मी टपाल खात्यात रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी चालत्या गाडीच्या डब्यात उभं राहून टपाल छाटायचो. समोर कबुतरखान्यासारखे खण, आणि गाडी हलली की आम्हीही हलायचो.

हबवाल्यांनी शेवटचा टप्पा छान सांगितला. अनघाताईंचा मधला प्रश्न मात्र राहिला, बुधवार पहाट ते गुरुवार रात्र. त्यासाठी 'इन ट्रान्झिट' समजून घ्यायला हवं. पार्सल हातात असतं तेव्हा ते पार्सल असतं. एकदा थैलीत गेलं आणि थैलीला सील लागलं की पुढे थैली प्रवास करते. थैलीला स्वतःचा नंबर असतो, आत काय काय आहे त्याची यादी असते. वाटेत जिथे थैली उघडत नाहीत तिथे फक्त थैलीचा नंबर टिपतात, आणि त्यावरून आतल्या सगळ्या वस्तू 'इथे पोचल्या' असं मानलं जातं. तुमचं भांडं कोल्हापुरात कोणी डोळ्यांनी पाहिलंच असेल असं नाही. ते ज्या थैलीत होतं म्हणून लिहिलंय, ती थैली तिथे आली. थैली हरवली किंवा चुकून दुसरीकडे चढली, तरी पुढच्या ठिकाणी ती उघडेपर्यंत शेवटची ओळ जशीच्या तशी राहते. म्हणून 'इन ट्रान्झिट'चा अर्थ 'चालू आहे' असा नाही. 'शेवटच्या नोंदीनंतर आम्ही पाहिलेलं नाही' असा आहे.

दुसरं, भिवंडीहून कुडाळचं पार्सल कोल्हापूरला कशाला? तर पिनकोड. कुडाळ ४१६५२०. पहिले तीन आकडे ४१६, आणि कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या तिन्हींची सुरुवात त्याच तीन आकड्यांनी होते. कोल्हापूर शहर ४१६००१, मालवण ४१६६०६. पिनकोड १९७२ साली आला तो टपालाच्या छाटणीसाठी, आणि पहिले तीन आकडे छाटणीचा जिल्हा सांगतात. खाजगी कंपन्यांनीही तेच आकडे उचलले. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सिंधुदुर्गाचं पार्सल आधी घाटावर चढतं आणि मग घाट उतरून कोकणात येतं. मुंबई-गोवा रस्ता जवळून जात असला तरी यंत्राला तो दिसत नाही, त्याला आकडा दिसतो.

---

मालवणी_खाजा | सकाळी १०:३८

तरीच! मुंबईहून मागवलेला प्रत्येक कागद कोल्हापूर बघून येतो. आमचा टीव्ही तर अंबाबाईचं दर्शन घेऊन आला, आम्ही अजून गेलो नाही.

---

हबवाला | सकाळी ११:०५

काकांनी अगदी नेमकं सांगितलं. त्या एक्केचाळीस तासांबद्दल माझा अंदाज असा. तुमचं पोतं कोल्हापूरला ५:५० ला लागलं. तिथून कोकणात उतरणारी छोटी गाडी दिवसातून एकदा, पहाटे सुटत असणार, आणि ती तोवर गेलेली. म्हणजे बुधवार अख्खा कोल्हापुरातच. गुरुवारी पहाटेच्या गाडीने उतरलं, दुपारपर्यंत कुडाळला पोचलंही असेल. पण तिथे कंपनीचं स्वतःचं ऑफिस नसतं, कोणीतरी एजन्सी घेतलेली असते: दुकान, दोन माणसं, एक व्हॅन. माणसं दिवसभर वाटपाला गेलेली, त्यामुळे पोतं रात्री फोडलं, आणि स्कॅन ११:१० ला पडला. 'रीच्ड डेस्टिनेशन' ही पोतं फोडल्याची वेळ आहे. पोचल्याची नाही.

---

न्यूजर्सीतून_नीलिमा | सकाळी ११:४०

इथे रात्र आहे पण हा धागा सोडवत नाही. आम्हा परदेशातल्यांचा 'इन ट्रान्झिट' तर महिन्याच्या बोलीत असतो. आई दरवर्षी पोस्टाने फराळ पाठवते. भारतातून निघाल्याची नोंद होते आणि अमेरिकेत पोचल्याची नोंद येईपर्यंत मध्ये काहीच नाही. सुरुवातीला मला वाटायचं विमान समुद्रात पडलं. मग कळलं की 'निघालं' म्हणजे टपाल खात्याने थैली बंद करून विमान कंपनीच्या ताब्यात द्यायला काढली. पुढे विमानात जागा मिळेपर्यंत ती तशीच पडून. इथे उतरल्यावर पुन्हा कस्टम्सची रांग. गेल्या दिवाळीआधी, २०२५ मध्ये, तर कहरच झाला. अमेरिकेने छोट्या पार्सलांची करमाफी ऑगस्टअखेर काढली, आणि भारतीय पोस्टाने २५ ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने इकडची पार्सलं घेणंच थांबवलं. पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. चकल्या त्या वर्षी कुठल्याच स्टेटसमध्ये नव्हत्या, आईच्या डब्यात होत्या.

---

शार्दूल_पु | दुपारी १२:१५

विषय थोडा सोडून, पण सांगायलाच हवं. 'डिलिव्हरी अटेम्प्टेड' वाचून लोक घाबरलेले असतात, त्याचाच फायदा घेणारेही आहेत. मला मेसेज आला: पत्ता अपुरा असल्याने तुमचं पार्सल परत जातंय, या लिंकवर पाच रुपये भरा. आणि माझं एक पार्सल खरंच येणार होतं! मी कार्डाचा नंबर टाकणार, तेवढ्यात बायको म्हणाली, पार्सलाचा नंबर कुठाय यात? मेसेजमध्ये नंबरच नव्हता. खऱ्या मेसेजमध्ये तो असतो, आणि तो कंपनीच्या साइटवर आपण स्वतः टाकून बघता येतो. पाच रुपयांसाठी कोणी कार्ड मागत नाही.

---

सुमेधा जोग | दुपारी १२:२२

बायको होती म्हणून वाचलात. :)

---

प्रसाद_डोंबिवली | दुपारी १:०५

मला 'रिक्वेस्टेड रीशेड्यूल'चा राग येतो. 'घरी नाही' लावलं तर एक वेळ समजू शकतो, पण माझ्या तोंडी शब्द कोंबायचे? ही सरळ लबाडी आहे. तक्रार करा. मी अशा दोन तक्रारी केल्या, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पार्सल आलं.

---

हबवाला | दुपारी २:३०

@प्रसाद, राग बरोबर आहे, पण आतली गोष्ट सांगतो. बहुतेक ठिकाणी तीन अटेम्प्टनंतर पार्सल परतीला लागतं. 'घरी नाही' असं तीनदा लागलं की संपलं. 'ग्राहकाने पुढची तारीख मागितली' लावलं की काही सिस्टीममध्ये तो दिवस त्या तिनात धरत नाहीत आणि पार्सल हबवर थांबू शकतं. कुडाळच्या त्या पोराची गाडी अनघाताईंच्या गावाकडे रोज जात नसणार. आठवड्यातून एक-दोनदा, त्या बाजूची चार-पाच पार्सलं जमली की फेरी. रोजची रनशीट मात्र बनतेच, कारण पार्सल हबवर नुसतं ठेवलं तरी वरून विचारणा येते. मग तो फेरीच्या दिवसापर्यंत वेळ काढतो. शनिवारी त्याने 'रीशेड्यूल' दाबून पार्सल परत जाण्यापासून वाचवलं असण्याचीही शक्यता आहे.

---

प्रसाद_डोंबिवली | दुपारी २:४१

म्हणजे लबाडी केली ती उपकार म्हणून? नाही पटत. मंगळवारी फेरी आहे तर 'मंगळवारी येऊ' असं लिहा ना! 'गाडी रोज नाही' असं स्टेटस असतं तर अनघाताईंनी हा धागाच काढला नसता. आणि त्याने वेळच काढला हे तुम्हाला तरी कशावरून माहीत? यादीत पुढचं नाव म्हणून दाबलं असेल.

---

हबवाला | दुपारी २:५०

तेही असू शकतं. त्याच्या मनातलं मला कसं कळणार? आमच्याकडे दोन्ही प्रकारची पोरं होती.

---

अनघा_के | दुपारी ३:१५

मग आता करू काय? कंपनीच्या कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "२४ ते ४८ तासांत अटेम्प्ट होईल." तिसऱ्यांदा मीच ते त्यांच्याआधी म्हटलं.

---

हबवाला | दुपारी ३:४०

त्यांना समोर तुम्हाला दिसतंय तेवढंच दिसतं. खरं सांगायचं तर कुरिअरचं गिऱ्हाईक तुम्ही नाही आहात. पैसे विकणारा देतो, म्हणून गिऱ्हाईक तो. पार्सल पोचलं नाही की त्याच्या स्क्रीनवर रोज यादी जाते, एनडीआर म्हणतात तिला: अमुक पार्सल, अमुक कारण, पुढे काय करायचं? तिथे तो पुन्हा पाठवा म्हणू शकतो, दुसरा फोन नंबर घालू शकतो, पत्त्याजवळची खूण लिहू शकतो, नाहीतर परत बोलवा म्हणू शकतो. मोठे विकणारे ती यादी बघतात. लहान विकणारे बघतच नाहीत, आणि उत्तर आलं नाही की काही दिवसांनी पार्सल आपोआप परतीला लागतं. तुम्ही आज विकणाऱ्याच्या अ‍ॅपवरून लिहा: फोन नंबर बदला, बाबांचा घाला, 'मारुती देवळामागे' लिहा, पत्ता बरोबर आहे आणि तारीख आम्ही मागितलेली नाही. उद्या सकाळी नऊच्या आत लिहिलेलं पोचलं पाहिजे, कारण रनशीट एकदा बनली की नवा नंबर त्या दिवशी पोराला दिसेलच असं नाही.

त्याहून सोपं म्हणजे कुडाळात कोणी ओळखीचं असेल तर कुरिअरची एजन्सी कुठलं दुकान चालवतं ते विचारा. गावात सगळ्यांना माहीत असतं.

---

मालवणी_खाजा | दुपारी ३:५२

बसस्थानकाजवळ एक-दोन दुकानं आहेत. बाबांना सांगा, एसटीने उतरून कोणत्याही पानवाल्याला विचारायचं. पार्सलाचा नंबर लिहिलेला कागद आणि स्वतःचं ओळखपत्र न्यायचं. तुम्हाला ओटीपी येईल, तो फोनवर बाबांना सांगायचा. पण ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचून मग सांगा. माझ्या बहिणीने न वाचता सांगितला, तो 'पार्सल नको' असं नोंदवण्याचा निघाला.

---

जुना_आरेमेस | दुपारी ४:३०

हे मात्र आमच्यात नव्हतं. पोस्टमन आला, दार बंद दिसलं, तर चिठ्ठी टाकून जायचा की टपाल अमक्या ऑफिसात आहे, येऊन घ्या. वस्तू तिथे सात दिवस राहायची. लोकांना कागदाची चिठ्ठी कळते.

---

टवाळ_तात्या | दुपारी ४:३४

काका, आता चिठ्ठी टाकली तर लोक तिच्यावर क्यूआर कोड शोधतात.

---

अनघा_के | सोमवार, रात्री ९:१५

मंडळी, भांडं मिळालं! विकणाऱ्याला रात्रीच लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आज दुपारी आलं, "आपली विनंती पुढे पाठवली आहे." पण बाबा सकाळच्या एसटीनेच कुडाळला गेले. तिसऱ्या पानवाल्याने दुकान दाखवलं. मागच्या खोलीत एका रॅकवर आमच्या बाजूची सहा पार्सलं एकत्र ठेवलेली होती, वर खडूने गावांची नावं. पोराने बाबांना सांगितलं, त्या बाजूला गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, पण मागच्या शुक्रवारी व्हॅनचा क्लच गेला होता. बाबांनी चहा पाजला, वर शेजारच्या वाडीतलं आणखी एक पार्सल त्यांच्यासाठी उचलून आणलं. ओटीपी मी नीट वाचून मग सांगितला, १०:३८ ला.

आता गंमत. ट्रॅकिंगवर सकाळी ९:०६ ला 'आउट फॉर डिलिव्हरी'. बाबा १०:३८ ला भांडं घेऊन निघाले. दुपारभर स्टेटस तेच. 'डिलिव्हर्ड' पडलंय रात्री ८:४९ ला.

---

प्रसाद_डोंबिवली | रात्री ९:२२

अभिनंदन. म्हणजे क्लच गेला होता आणि लिहिलं काय, 'कन्साइनी अनअव्हेलेबल'. मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

---

मिलिंद७२ | रात्री ९:३०

पण ओटीपी १०:३८ ला दिला तर डिलिव्हर्ड तेव्हाच पडायला हवं. इथे काहीतरी वेगळं आहे. भाच्याला विचारतो.

---

हबवाला | रात्री ९:४४

विचारा. दुकानात रेंज नसेल तर अ‍ॅप नोंद धरून ठेवतं आणि नंतर पाठवतं, असं होतं. किंवा ओटीपी त्याने वहीत लिहून घेतला आणि रात्री सगळ्यांचे एकदम टाकले.

---

मिलिंद७२ | रात्री ९:५०

आणि जीपीएस?

---

हबवाला | रात्री ९:५१

दुकानाचं.